आबा गेले, दादांना काय लिहू?

प्रश्न: माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यांचे वडील परवा गेले. मी त्यांना दादा म्हणते, अहो-जाहो करते. ते देवगड तालुक्यातल्या गावी आहेत, मी रत्नागिरीत. ऑफिसच्या ग्रुपवर सगळ्यांनी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकलं, मीही टाकलं. पण सात वर्षं शेजारी बसतोय, वेगळं काहीतरी लिहायला हवं असं वाटतं. हा मसुदा केलाय. नाटकी वाटतो का? आणि कमी केला तर कोरडा वाटेल का?

‘आदरणीय दादा, आपल्या पूज्य वडिलांच्या दुःखद निधनाची वार्ता समजली आणि मन सुन्न झाले. वडिलांचे छत्र हरपणे म्हणजे काय, हे शब्दांत सांगता येत नाही. जन्म-मृत्यू कोणाच्याच हाती नसतो. ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो व आपणा सर्वांना हे दुःख सहन करण्याची शक्ती देवो. काही मदत लागली तर निःसंकोच सांगा. काळजी घ्या. भावपूर्ण श्रद्धांजली.’

(आबांना, म्हणजे दादांच्या वडिलांना, मी एकदाच भेटले. गेल्या मे महिन्यात ते आंबे घेऊन ऑफिसात आले होते. माझ्या टेबलावर मांडून म्हणाले, ‘हा आज, हा परवा, हे तीन रविवारी.’ आणि खरंच तसेच पिकले. पण असलं काही दुःखाच्या मेसेजमध्ये कसं लिहिणार?)

उत्तर:

तेच लिहायचं. तुम्ही कंसात टाकलंयत तो मेसेज आहे, आणि कंसाबाहेर जे लिहिलंयत ते वर्तमानपत्रातल्या निधनाच्या चौकटीतून आलंय. तुमचा दोष नाही. आपण सगळे ही भाषा त्या चौकटी वाचूनच शिकलो.

मी बत्तीस वर्षं याच जिल्ह्यातल्या एका कार्यालयात आस्थापना शाखेत काढली. रजा, पगारवाढ, सेवापुस्तकं, आणि त्याबरोबर कुणाच्या घरी माणूस गेलं की साहेबांच्या सहीचं दुखवट्याचं पत्र, हेही आमच्याच टेबलाचं काम. सुरुवातीच्या वर्षांत त्याचा सायक्लोस्टाइल केलेला नमुनाच होता. ‘आपले वडील / आपल्या मातोश्री / पती / पत्नी’ असं छापलेलं, आणि जे लागू नसेल ते खोडायचं. एकदा घाईत खोडायचं राहिलं. एका शिपाईमामांच्या घरी चारही नाती तशीच्या तशी पोचली. ते परत आल्यावर काही बोलले नाहीत, पण सही घ्यायला टेबलापाशी आले तेव्हा मला वर बघवेना. त्यानंतर तो नमुना मी बंद केला आणि प्रत्येक पत्र हातानं लिहायला लागले. त्यातून जे कळलं ते सांगते.

आधी तुमच्या मसुद्यातला एक घोटाळा निस्तरू. मेसेज कुणाशी बोलतोय? श्रद्धांजली गेलेल्या माणसाला वाहतात, सांत्वन मागे राहिलेल्याचं करतात. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ ग्रुपवर ठीक आहे, कारण तिथे आबांबद्दल चार लोकांत बोललं जातंय. दादांच्या स्वतःच्या फोनवर तुम्ही आबांना श्रद्धांजली वाहिलीत, तर दादांना कोणी काही म्हटलंच नाही असं होतं. मसुदा दादांपासून सुरू होतो, मध्येच ईश्वराकडे वळतो, शेवटी आबांकडे जातो. एकाच माणसाकडे तोंड ठेवा.

मग ‘आपण’. सात वर्षं तुम्ही त्यांना ‘दादा, तुम्ही डबा खाल्लात का?’ असं विचारताय. आज अचानक ‘आपल्या पूज्य वडिलांच्या’ झालं. मराठीत आपण आदर दाखवायला ‘आपण’ वापरतो खरं, पण नेहमीच्या ‘तुम्ही’वरून ‘आपण’वर गेलं की अंतर पडतं, जणू तुम्ही खुर्ची दोन हात मागे सरकवलीत. जे एकमेकांना अरे-तुरे करतात त्यांनी अरे-तुरेच लिहावं. साहेबांना ‘सर, तुम्ही’ म्हणत असाल तर तेच. एरवी मालवणीत बोलत असाल तर मालवणीत लिहा, नसाल तर आज सुरू करू नका. आणि ‘आदरणीय’ काढा. ‘दादा’ या शब्दात तुमचा सगळा आदर आलेला आहे.

तसंच ‘आपल्या वडिलांचे निधन’. तुम्हाला त्यांचं घरातलं नाव माहीत आहे. दादा सात वर्षं ‘आबांना डॉक्टरकडे न्यायचंय’, ‘आबा ऐकत नाहीत’ असंच बोलत आलेत. मग ‘आबा गेल्याचं कळलं’ असं लिहा. ‘गेले’ हे क्रियापद मराठीनं याच प्रसंगासाठी राखून ठेवलंय. त्यात वार्ता आहे, मान आहे, आणि आवाज चढत नाही. ‘निधन’ कार्यालयीन पत्रात शोभतं. ‘वारले’ तिऱ्हाइताबद्दल बोलताना म्हणतात. ‘एक्सपायर झाले’ आणि ‘ऑफ झाले’ आपल्याकडे सर्रास कानावर येतं, बोलताना खपतंही, पण लिहिलं की डोळ्यांना टोचतं. घरातलं नाव माहीत नसेल तर ‘बाबा’ असं अंदाजानं लिहू नका. कुणाचे अण्णा असतात, कुणाचे तात्या, कुणाचे नुसते भाऊ. तिथे ‘तुमचे वडील’ बरं.

आता ‘मन सुन्न झाले’. एक विचारते, रागावू नका. झालं होतं का? तुम्ही आबांना एकदा भेटलायत. बातमी कळल्यावर तुम्हाला वाईट वाटलं असेल, दादांचा चेहरा डोळ्यांसमोर आला असेल, थोड्या वेळानं ते आंबे आठवले असतील. सुन्न दादा झालेत. आपलं दुःख त्यांच्यापेक्षा मोठं दिसेल असं एकही वाक्य लिहायचं नाही. नाटकीपणा म्हणतात तो इथूनच येतो. शब्द जड असतो म्हणून नव्हे, तर तो तुमच्या वाटणीपेक्षा जास्त असतो म्हणून. ‘फार वाईट वाटलं’ हे तीन शब्द पुरतात, कारण ते खरे आहेत आणि दादांना ते पटतील. ‘छत्र हरपले’, ‘आधारवड कोसळला’, ‘कधीही भरून न येणारी हानी’ ही सगळी याच दुकानातली भांडी. हेच दादांनी स्वतःबद्दल म्हटलं तर त्यांचा हक्क आहे. आपण त्यांच्या वतीनं म्हणायचं नसतं.

‘जन्म-मृत्यू कोणाच्याच हाती नसतो’ हे गाळाच. त्याचीच भावंडं म्हणजे ‘वय झालं होतं’, ‘फार हाल झाले नाहीत ते बरं’, ‘सुटले बिचारे’, ‘सोनं झालं त्यांचं’. यांतलं शेवटचं फसवं आहे, कारण घरची माणसं स्वतः ते म्हणतात. वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या बापाचं सगळं काढलेला मुलगा तुम्हाला सांगेल, ‘सोनं झालं आबांचं.’ त्यानं म्हटलं तर मान हलवायची. आपण आधी लिहायचं नाही. त्याच्या तोंडी ती सुटका असते, आपल्या तोंडी तो हिशेब होतो.

‘ईश्वर मृतात्म्यास’ या वाक्यावर थोडी जास्त थांबते, कारण माझी सगळ्यात मोठी चूक इथेच झाली.

आमच्या शाखेतल्या एका सहकाऱ्याची आई गेली. मी पत्र लिहिलं, सूचना फलकावर निवेदनही लावलं. दोन्हीत ‘कै.’, दोन्हीत ‘ईश्वर मृतात्म्यास सद्गती देवो’. अक्षर छान काढलं होतं, मला त्याचा अभिमानच होता. ते गृहस्थ जलदान विधी आटोपून कामावर आले, फलकापुढे उभे राहिले आणि मग माझ्याकडे येऊन हळू आवाजात म्हणाले, ‘ताई, तेवढं कालकथित करता येईल का?’ ते बौद्ध होते, हे मला ठाऊक होतं. आमच्या जिल्ह्यात, जिथे मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे बाबासाहेबांचं मूळ गाव, तिथे १९५६ च्या धम्मदीक्षेनंतरची दुसरी-तिसरी पिढी माझ्याच शाखेत काम करत होती. आणि मी त्यांच्या आईला कैलासवासी केलं होतं. बौद्ध धम्म ईश्वरही मानत नाही आणि अमर आत्माही मानत नाही. म्हणजे माझ्या वाक्यातला प्रत्येक शब्द त्यांच्या घरासाठी चुकीचा होता. त्यांच्याकडे कालकथित म्हणतात आणि विधीला पुण्यानुमोदन. मी फलकावरचा कागद लगेच बदलला. पत्र मात्र त्यांच्या घरी जाऊन पडलेलं होतं, ते कसं बदलणार?

तेव्हापासून माझा रिवाज असा. देव, आत्मा, सद्गती, कैलास, वैकुंठ यांतलं काहीही समोरच्याच्या घरात चालतं याची खात्री असेल तरच लिहायचं. वारकरी घर असेल तर वै. लिहितात, त्यांना ते आवडतं. मुसलमान सहकाऱ्याच्या घरी दफन बहुतेक त्याच दिवशी होऊन गेलेलं असतं. तिथे ‘मरहूम’ म्हणतात, मराठी वर्तमानपत्रं ‘पैगंबरवासी’ छापतात. आपण यांतलं काही उसनं आणण्यापेक्षा ‘तुमचे अब्बा गेल्याचं कळलं, फार वाईट वाटलं’ एवढं साधं लिहिलं तर त्यात चुकायला जागाच उरत नाही. वेंगुर्ला-सावंतवाडीकडच्या ख्रिस्ती सहकाऱ्यालाही तसंच. तुमच्या दादांच्या घरी ‘ईश्वर’ चालेल, मला शंका नाही. पण तुमच्या मेसेजला त्याची गरज नाही. ते वाक्य तिथे बसलंय ते केवळ आणखी काय लिहावं सुचलं नाही म्हणून. तुमच्याकडे लिहायला आहे.

‘काही मदत लागली तर निःसंकोच सांगा.’ हे सगळे लिहितात, आणि कोणी कधी सांगत नाही. दहाव्याची तयारी, भावकीतली ये-जा, भटजींचा निरोप, आलेल्या माणसांचा चहा, या धबडग्यात कोण आठवून मदत मागणार? तुमच्या हातात असलेली एकच मदत आहे, ती म्हणजे त्यांचं टेबल. तुम्ही शेजारी बसता, म्हणजे जूनअखेरच्या तिमाहीची विवरणपत्रं त्यांच्याकडे अर्धी राहिली असतील, हे तुम्हाला माहीतच असणार. ती तुम्ही पूर्ण करणार असाल तर तसं लिहा, पण आधी साहेबांना विचारून नक्की करा आणि मगच लिहा. ‘करते’ असं लिहून राहून गेलं तर ते त्यांच्या डोक्यावर दुप्पट होऊन बसतं. तेरा दिवस रजेवर असलेल्या माणसाला रात्री आडवं झाल्यावर जी बारीकसारीक टोचणी लागते ती याच गोष्टींची असते. आमच्याकडे वडील गेल्याची अशी वेगळी रजा नव्हती, लोक अर्जित रजा टाकून जायचे, आणि मला फोन करून पहिला प्रश्न हाच विचारायचे: ‘माझ्या टेबलाचं काय?’

इथे एक इशारा. त्याच मेसेजच्या शेपटाला कामाची विचारणा जोडू नका. मी स्वतः पाहिलेलं आहे, ‘आपल्या दुःखात सहभागी आहोत. ता. क. लोखंडी कपाटाची किल्ली कुठे आहे?’ विचारावीच लागली तर दोन दिवसांनी, वेगळी, आणि जमलं तर त्यांच्या भावाला किंवा पुतण्याला.

आता तो मेसेज पोचतो कसा, ते बघू. देवगडकडच्या वाड्यांत पावसात रेंज कशी असते, तुम्हाला सांगायला नको. फोन पडवीच्या एका कोपऱ्यात लागतो, किंवा आगराच्या टोकाला जाऊन उभं राहावं लागतं. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठीचा पूर आला त्या आठवड्यात आमच्या ओळखीच्या एकांच्या आई गेल्या. पुराशी त्याचा संबंध नव्हता, त्या आजारीच होत्या. पण वीज नाही, फोन बंद. बऱ्याच दिवसांनी फोन सुरू झाला तेव्हा सगळे मेसेज एकदम धडाधड आले. ‘पाणी घरात शिरलं का?’ आणि ‘मातोश्रींना भावपूर्ण श्रद्धांजली’ एकमेकांत मिसळून. त्यांतल्या पुष्कळांत ‘आत्ताच कळलं’, ‘आज संध्याकाळी फोन करतो’, ‘उद्या निघतोय’ असं लिहिलेलं. कुठलं आज, कुठलं उद्या? ते मला म्हणाले, मी अंगठ्यानं वर सरकवत गेलो, तीन ठिकाणी थांबलो. ज्यांनी आईच्या आठवणीचं एखादं वाक्य लिहिलं होतं, तिथे.

म्हणून मेसेज असा लिहा की तो दहाव्या दिवशी वाचला तरी शिळा वाटणार नाही. ‘आत्ताच’ नाही, ‘आज’ नाही. ‘मंगळवारी कळलं’ चालेल. ‘फोन करते’ लिहू नका. करायचा असेल तर करा, लागला तर लागला. आणि पाठवल्यावर निळी खूण आली का, हे बघत बसू नका. आली आणि उत्तर नाही आलं, तरी त्याचा अर्थ काढू नका.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. तो मेसेज एकटे दादा वाचणार नाहीत. कोकणातल्या घरात दुःखाच्या दिवसांत संध्याकाळी पडवीत माणसं बसतात. आलेल्या पत्रांतलं एखादं मोठ्यानं वाचलं जातं. मी लिहिलेली कार्यालयाची पत्रं अशी वाचली गेल्याचं मला कितीदा लोकांनी सांगितलंय. कार्यालयाचं छापील शीर्ष असलेला कागद, त्यावर ‘त्यांनी कुटुंबासाठी केलेले कष्ट’ वगैरे भारदस्त मराठी, कुणा पुतण्याच्या तोंडून. त्या पत्राला ती भाषा शोभते, ते सगळ्या घरासाठी असतं. आता फोनवरचा मेसेज वाचून दाखवतात. म्हणजे तुमचा मेसेज ऐकणारं दुसरं माणूस दादांची आई आहे. लिहून झालं की एकदा त्या कानांनी ऐकून बघा. एका गृहस्थांनी आपल्या मित्राला अगदी मनापासून लिहिलं होतं, ‘तात्यांबरोबर गोव्याला केलेली मजा विसरणार नाही.’ तात्या गोव्याला गेले होते, हे काकूंना पडवीत कळलं.

तुमचे आंबे मात्र या परीक्षेला पूर्ण उतरतात. विचार करा, त्या माउलीला आबांबद्दल या चार दिवसांत काय काय ऐकायला मिळालं असेल. चांगले होते, देवमाणूस होते, कुणाला दुखावलं नाही. हे सगळं तिला माहीत आहे. रत्नागिरीच्या ऑफिसात एका मुलीच्या टेबलावर त्यांनी आंबे ओळीनं मांडले आणि रविवारचे रविवारीच पिकले, हे बहुधा तिला ठाऊक नाही. तेवढा एक प्रसंग तुम्ही त्या घराला देताय. माणूस गेल्यावर त्याचं नवीन काही कळणं थांबतं, आणि तुमच्याकडे एक नवीन गोष्ट आहे. तुम्हाला वाटतंय की दुःखात आंब्यांचं कसं लिहायचं. आंब्यांचंच लिहायचं, फक्त त्यावर काही चढवायचं नाही. ‘किती प्रेमळ होते’, ‘अशी माणसं आता राहिली नाहीत’, ‘त्यांच्या हातच्या आंब्यांची गोडी आयुष्यभर’, यांतलं काहीही नको. प्रसंग सांगून गप्प बसा. समाचाराला गेल्यावर आपल्याकडची जाणती माणसं काय करतात, आठवा. येऊन बसतात. बराच वेळ कोणी बोलत नाही. मग कोणीतरी गेलेल्या माणसाची एखादी साधी गोष्ट काढतं, ‘होडी आणली होती त्या वर्षी…’ अशी काहीतरी. ती होते. परत शांतता. आणि उठताना ‘येतो’ न म्हणता उठतात. मेसेजलाही तेवढंच पुरतं.

‘काळजी घ्या’ हे आता फोन ठेवायचं वाक्य झालंय, ते सोडा. आईंसाठी काही लिहावं असं वाटेल. ‘आईंना नमस्कार सांगा’ असं पटकन हाताखालून जातं, पण सुतकात नमस्कार घेत-देत नाहीत असं मानणारी घरं अजून पुष्कळ आहेत. त्याऐवजी आपल्याकडे जे म्हणतात तेच लिहा, ‘आईंना विचारलंय म्हणून सांगा.’ तुमची आणि आईंची ओळख नसली तरी हे चालतं.

शेवटी ‘उत्तर द्यायची गरज नाही’ लिहावं का, हा बारीक प्रश्न आहे. हेतू चांगला, पण मराठीत ‘गरज नाही’ला जरा तोडून टाकल्याचा वास येतो. ‘उत्तर लिहीत बसू नका, आलात की बोलू’ असं म्हटलं की तोच निरोप मऊ होतो.

आता सगळं जोडून दाखवते. कामाचं वाक्य तुमच्या ऑफिसाप्रमाणे बदला.

‘दादा, आबा गेल्याचं मंगळवारी कळलं. फार वाईट वाटलं. गेल्या मे महिन्यात ते ऑफिसात आले होते तेव्हा त्यांनी माझ्या टेबलावर आंबे मांडून सांगितलं होतं, हा आज, हा परवा, हे तीन रविवारी. रविवारचे अगदी रविवारीच पिकले. मंगळवारपासून तेच आठवतंय. जूनची विवरणपत्रं मी पूर्ण करून देते, साहेबांशी बोलणं झालंय. तुमच्या टेबलाचं काही मनात ठेवू नका. आईंना विचारलंय म्हणून सांगा. उत्तर लिहीत बसू नका, आलात की बोलू.’

लांबी तुमच्या मसुद्यापेक्षा थोडी जास्तच आहे, बघा. म्हणजे प्रश्न कमी-जास्तचा नव्हता. कोरडं वाटण्याची तुमची भीती होती, पण कोरडेपणा लांबीनं जात नाही. ‘मंगळवारपासून तेच आठवतंय’ यापुढे भावना म्हणून एकही शब्द घालू नका, हात शिवशिवला तरी. हात जोडल्याची चित्रं, फुलं, तेवणारी समई, हेही नको. ग्रुपवर तुमचं झालंय, तिथे पुन्हा काही टाकू नका, आणि हा मेसेज तर तिथे मुळीच चिकटवू नका. आबांचा फोटो आपल्या स्टेटसला ठेवू नका, तो घरच्यांचा आहे. आणि रोज सकाळी तुम्ही सुविचार पाठवणाऱ्यांपैकी असाल तर यादीतून दादांना काही दिवस वगळा. त्यांच्या फोनवर आबांच्या बातमीखाली सूर्योदय आणि चहाचा कप येऊन बसतो, मी पाहिलंय.

आणि आठवण नसतीच तर? बहुतेकांचं तेच असतं, सहकाऱ्याच्या वडिलांना आपण कधी पाहिलेलं नसतं. मग खोटी आठवण बनवायची नाही. अशा वेळी सहकाऱ्याच्या तोंडून जे ऐकलं असेल ते वापरा. ‘तुम्ही दर शनिवारी पाच वीसची एसटी आबांसाठी पकडायचात’ हे तुम्ही स्वतः पाहिलेलं आहे, ते खरं आहे. तेही नसेल, तर ‘आबा गेल्याचं कळलं, फार वाईट वाटलं. इथलं काम आम्ही बघतो’ एवढ्यावर थांबा. दोन ओळी. त्याला कोरडं म्हणत नाहीत.

तुमचे स्वतःचे वडील आधी गेले असतील तर ते आज लिहू नका. ‘मी समजू शकते, माझेही…’ असं सुरू झालं की दादांना तुमचं सांत्वन करावं लागतं. ते परत आल्यावर, चहाच्या वेळी, त्यांनी विषय काढला तर बोला.

ते परत येतील तेव्हाचं एक सांगते. डोकं भादरलेलं असेल, ओळखू येणार नाहीत क्षणभर. सगळे एकेक करून टेबलाशी जातील, ‘कसं काय झालं हो?’ म्हणून विचारतील, आणि दादा तीच हकीकत सकाळभर अकरा वेळा सांगतील. तुम्ही बारावी होऊ नका. विवरणपत्रांची फाइल त्यांच्या टेबलावर ठेवून द्या, आणि त्यात कुठे काय राहिलंय ते पेन्सिलीनं लिहून ठेवा.

कार्याला जायचं का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात असेल. बोलावणं ग्रुपवर आलं असेल आणि ऑफिसातून गाडी जात असेल तर जा. नसेल तर एकटीनं पावसात एवढा पल्ला गाठण्याची अपेक्षा कोणी करत नाही. पुढे गणपतीत मात्र लक्ष ठेवा. वर्ष व्हायचं असतं, त्या घरात सणाचा थाट नसणार. ‘गणपती बाप्पा मोरया, हार्दिक शुभेच्छा’ची सरसकट यादी पाठवाल तेव्हा त्यांचं नाव काढा, आणि जमलं तर त्या दिवशी नुसतं ‘दादा, गावी पोचलात का?’ एवढं विचारा.